चौथीच्या मुलांसमोर वाचायचा परिचय : टॉवेलच्या मागावरच्या जॉबरचा. मसुदा तपासून द्या

खटकपट्टी
नमस्कार. मुलीच्या शाळेत पुढच्या शनिवारी पालकांना बोलावून आपापलं काम सांगायला लावणार आहेत. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे. बोलायला १५ मिनिटं. त्याआधी बाई माझा परिचय वाचणार, तो 'मुलांना कळेल असा, १०० शब्दांच्या आत' लिहून मागितलाय. वर्ग चौथीचा. निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड बोलतात.

माझा मसुदा :

"श्री. अमुक हे गेली १४ वर्षे वस्त्रोद्योग क्षेत्रात कार्यरत असून टेरी टॉवेल उत्पादनातील यंत्रमागांची देखभाल व दुरुस्ती ही जबाबदारी सांभाळतात. ते मागाचे डॉक्टर आहेत. त्यांनी बनवलेला टॉवेल भरपूर पाणी शोषतो, कारण नखाएवढ्या जागेत १०० लूप असतात. सोलापूरचे नाव त्यांच्यासारख्या कामगारांमुळे जगभर पोचले आहे."

डॉक्टरची ओळ बायकोनं घातली. बाकी माझं. काय बदलू?

हुरडा_आणि_चटणी
परिचय म्हणजे बायोडाटाच ना? जन्मतारीख, शिक्षण, सध्याचा पत्ता, मोबाइल असा क्रम लावा. वर गणपतीचं चित्र टाका. माझ्याकडे वर्डमध्ये तयार आहे, पाठवू का?

खटकपट्टी
अहो, तो लग्नाचा. इथं चाळीस पोरं ऐकणार आहेत.

फणी_नंबर_४०
विणकाम शिकवायचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं वाक्य पूर्ण काढा. 'क्षेत्रात कार्यरत असून' ऐकताना चौथीतल्या मुलाच्या डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. आणि पत्ता, मोबाइल अजिबात नको. तो कागद नंतर शाळेच्या ग्रुपवर फिरतो.

आता मजकुराचं. तुमच्या तिसऱ्या वाक्यात दोन चुका आहेत, आणि मुलं नेमक्या त्याच लक्षात ठेवतील.

एक, पाणी. मागावरून उतरलेला कोऱ्या सुताचा टॉवेल पाणी पीत नाही. कापसाच्या तंतूवर निसर्गाचंच मेण असतं आणि ताण्याला, म्हणजे उभ्या दोऱ्यांना, वरून खळ दिलेली असते. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर अळूच्या पानावर बसतो तसा बसून राहतो. प्रोसेसमध्ये कॉस्टिकच्या पाण्यात उकळून ते मेण निघालं, मग पेरॉक्साइडनं ब्लीच झालं, की तोच टॉवेल थेंब गिळतो. म्हणजे पाणी पिणारा टॉवेल 'तुम्ही बनवलेला' म्हणता येत नाही. तुमच्या मागावर पाण्याला धरून ठेवायची जागा तयार होते, ती प्यायला लागते पुढे.

दोन, १०० लूप. तुमच्या मालाचे आकडे द्या, मोजून बघू. रुंदी, ताण्याचे दोरे, एका सेंटीमीटरला पिक, म्हणजे आडवे दोरे, किती?

खटकपट्टी
३० इंची पन्हा. ताण्याचे साधारण १८०० दोरे, निम्मे ग्राउंडच्या, म्हणजे पायाच्या कापडाच्या, बीमवर आणि निम्मे पाईलच्या, म्हणजे लुपांच्या, बीमवर. सेंटीमीटरला १८ पिक. तीन पिकचा टेरी. साधे धोट्याचे माग, मिनिटाला १२० च्या आसपास. लांबी ६० इंच.

फणी_नंबर_४०
झकास. ३० इंच म्हणजे ७६ सेंटीमीटर. पाईलचे ९०० दोरे तेवढ्यात, म्हणजे एका सेंटीमीटरला १२. त्यातले ६ वरच्या बाजूला लूप काढतात, ६ खालच्या बाजूला. तीन पिकला लुपांची एक ओळ, म्हणून १८ पिकला ६ ओळी. ६ गुणिले ६, ३६. मुलाचं नख साधारण एक चौरस सेंटीमीटर धरलं तर एका बाजूला ३६ लूप. तुमचे १०० नाहीत.

'तीसपेक्षा जास्त' म्हणा. भिंग दिलं तर मूल स्वतः मोजू शकतं, आणि एखादं मोजणारच. तेव्हा आकडा जुळला पाहिजे.

पूर्व_भागातली_ताई
मी शाळेत शिकवते (ही शाळा नाही). चौथीला १०० शब्दांचा परिचय मोठ्यानं वाचायला मिनिटभर लागतो, मध्ये मुलं हसली तर दीड. तेवढ्यात त्यांना एकच नवा शब्द पेलतो. ताणा, बाणा, पाईल, बीम, पिक, जॉबर हे सगळं एकदम आलं की तेलुगू घरातली मुलं आधी गळतात असं वाटेल, पण तसं होत नाही. पद्मशाली घरातल्या कितीतरी मुलांना माग माहीत असतो, आजोबांच्या तोंडून शब्दही ऐकलेले असतात, फक्त तेलुगूत. गळतात ती कारखाना कधीच न पाहिलेली. म्हणून 'उभे दोरे, आडवा दोरा' म्हणा आणि नवा शब्द एकच ठेवा. मी 'धोटा' ठेवीन. उच्चारायला मजा येते आणि वस्तू दाखवता येते. तो दोनदा आला पाहिजे : पहिल्यांदा ऐकायला, दुसऱ्यांदा ओळखायला.

आणखी एक. आकडे अक्षरांत लिहा. वाचणाऱ्या बाई '१८००' वर अडखळतात, कोणी 'एक हजार आठशे' म्हणतं, कोणी 'अठराशे'. तुम्हाला जे ऐकू यायला हवं ते लिहून द्या.

मंगळवेढ्याचा_बाबू
एवढं कशाला? सरळ सांगा की हे काका जगातल्या पहिल्या कॉम्प्युटरवर काम करतात! जकार्डनं १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग काढला, तोच पहिला कॉम्प्युटर. सोलापुरी चादर त्यावरच विणतात. पोरं डोळे विस्फारून ऐकतील.

फणी_नंबर_४०
अर्धं बरोबर. लियॉनच्या जोसेफ मारी जकार्डचं यंत्र १८०४ चं, आणि चादरीवरची नक्षी जकार्डवरच निघते हेही खरं. पुठ्ठ्यात भोक असेल तिथला हुक वर जातो, नसेल तिथला खालीच राहतो, हुकाबरोबर दोरे उचलले जातात. पण तो माग आकडेमोड करत नाही. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना तिथून उचलली, म्हणून लोक जकार्डच्या मागाला कॉम्प्युटरचा आजोबा म्हणतात. आजोबा म्हणा, पहिला कॉम्प्युटर नको.

शिवाय खटकपट्टी टॉवेलवर आहेत. त्यांच्या शेडमध्ये जकार्ड आहे का?

खटकपट्टी
एकही नाही. किनारीच्या साध्या नक्षीला डॉबी आहे तेवढीच.

मंगळवेढ्याचा_बाबू
मग पुठ्ठा कुठूनतरी मागून आणा की. दाखवायला काय जातंय?

पूर्व_भागातली_ताई
मला तरी पुठ्ठा आवडला. मुलांना भोकांतून बघायला काहीही आवडतं.

फणी_नंबर_४०
आणायचा तर गप्पांत आणा. परिचयात जे नाव येईल त्यावरच पहिले चार प्रश्न येतात, आणि त्यांना रोज न हाताळलेल्या वस्तूवर उत्तरं द्यावी लागतील. पण हा माझा कल झाला.

साठेगल्ली
एक विचारू का? विषय टॉवेलचा निघालाय म्हणून. आमच्या नव्या टॉवेलचा एक दोरा खिळ्याला अडकून लांब लोंबायला लागला. ओढून काढला तर हातभर आला आणि टॉवेलवर सरळ रेघ पडली. माल फसवा आहे का?

खटकपट्टी
ताई, माल बरोबर आहे, ओढायला नको होता. पाईलचा दोरा कुठं गाठ मारून बसवलेला नसतो, आडव्या दोऱ्यांच्या चिमटीत नुसता धरलेला असतो. एक लूप ओढला की त्याच रेघेतले शेजारचे लूप सरळ होऊन बाहेर येतात. पुढच्या वेळी लोंबता दोरा कात्रीनं मुळाशी कापा. बाकीचे जागचे हलत नाहीत.

फणी_नंबर_४०
वर्गातला सगळ्यात चांगला प्रयोग साठेगल्लींनी दिला बघा.

कारखान्यातल्या चिंधीतून उभ्या दिशेनं बरोबर ५ सेंटीमीटरचे तुकडे कापा. मुलाला सांगा, कापलेल्या कडेचा एक पाईलचा दोरा चिमटीनं हळू ओढ. ५ सेंटीमीटरच्या कापडातून २० ते २५ सेंटीमीटर दोरा निघतो. पट्टीवर ठेवून मोजायचा. टॉवेल जाड का आणि महाग का, याचं उत्तर पट्टीवर दिसतं : उभ्या दिशेनं एक मीटर टॉवेल विणायला पाईलच्या प्रत्येक दोऱ्याची लांबी चार-पाच मीटर लागते.

कोरा तुकडा घ्या, धुतलेला नको. धुतल्यावर कापड आकसतं, दोरा घट्ट धरला जातो आणि ओढताना तुटतो. १० सेंटीमीटरचा तुकडाही नको, अर्ध्यात अडकतो. ग्राउंडचा दोरा ओढला गेला तर तो पाच-साडेपाच सेंटीमीटरच निघेल. तेही चालेल, दोन्ही शेजारी ठेवले की फरक आपोआप कळतो.

थेंबाचा प्रयोगही करता येईल, कोरा तुकडा आणि ब्लीच झालेला तुकडा शेजारी ठेवून. पण तुमचा माल रंगवलेल्या सुताचा असेल तर फसेल. त्या सुताचं मेण रंगवण्याआधीच काढलेलं असतं, त्यामुळे कोऱ्यावरही थेंब लवकर जिरतो. घरी आधी करून बघा.

खटकपट्टी
आमच्याकडे दोन्ही आहे. पांढरा कोरा घेतो.

आता अडचण अशी : लूप तयार कसा होतो हे दोन वाक्यांत कसं सांगू? मला रोज दिसतं पण तोंडानं जमत नाही.

फणी_नंबर_४०
परिचयात सांगूच नका, तुमच्या १५ मिनिटांत दाखवा. वर्गातली सतरंजी वापरा.

मागावर पहिले दोन आडवे दोरे फणी कापडापर्यंत नेत नाही, पाऊण सेंटीमीटर अलीकडेच सोडते. तिसऱ्या दोऱ्याला ती पूर्ण ठोकते आणि तिन्ही एकदम पुढे सरकतात. ग्राउंडचे दोरे तणावात असतात, ते तसेच सरळ राहतात. पाईलचा बीम सैल सोडलेला असतो, त्यामुळे त्या पाऊण सेंटीमीटरातला दोरा कुठं जाणार? वर नाहीतर खाली फुगतो. तोच लूप.

सतरंजीचं एक टोक दोन मुलांनी दाबून धरायचं, तिसऱ्यानं दुसऱ्या टोकाकडून दोन्ही तळव्यांनी ढकलायची. घडी उठते. तीच सतरंजी दोन्हीकडून ताणून धरली तर कितीही ढकला, उठत नाही. सैल आणि ताठ यातला फरक मुलांच्या हाताला कळतो. उपमेत एक खोट आहे : सतरंजीची एकच मोठी घडी उठते, टॉवेलला आडव्या दोऱ्यांची चिमटी असल्यानं प्रत्येक ओळीत बारकी उठते. कोणी विचारलं तर सांगा, नाहीतर सोडून द्या.

हुरडा_आणि_चटणी
बायोडाटा नको तर नको, पण 'मागाचे डॉक्टर' चांगलं होतं की ओ. का काढताय?

पूर्व_भागातली_ताई
दरवर्षी मेकॅनिक गाडीचा डॉक्टर, माळी झाडाचा डॉक्टर, कॉम्प्युटरवाला कॉम्प्युटरचा डॉक्टर. मुलं विचारतात, इंजेक्शन देता का? आणि पाच मिनिटं त्यातच जातात. हाताला काय लागतं, कानाला काय येतं, ते सांगितलं की उपाधी लागत नाही.

खटकपट्टी
मग दुसरा मसुदा :

"आज आलेले काका अक्कलकोट रोडवर टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. तिथल्या मागात एक लाकडी होडी पळते. तिचं नाव धोटा. धोटा एका सेकंदात एकदा जातो आणि एकदा येतो. टाळ्या वाजवून बघा : टक टक, टक टक. धोटा तीनदा पळाला की टॉवेलवर बारीक कड्यांची एक ओळ उभी राहते. तुमच्या नखाएवढ्या जागेत अशा तीसपेक्षा जास्त कड्या असतात. कधी एक दोरा तुटतो आणि टॉवेलला टक्कल पडतं. मग अठराशे दोऱ्यांतून तो एक दोरा काका शोधून काढतात."

'लूप' ऐवजी 'कडी' केलं. बुटाच्या लेसची कडी पोरांना माहीत असते.

फणी_नंबर_४०
टक्कल फार छान, आणि खरंही. पाईलचा एक दोरा तुटून तसाच राहिला तर उभी उघडी रेघ पडते. टाळ्याही बरोबर : १२० म्हणजे सेकंदाला दोन.

शेवटचं वाक्य मात्र तुमचं नाही. तुटलेला दोरा शोधून गाठ मारणं विणकराचं काम. जॉबरला कधी बोलावतात?

खटकपट्टी
बरोबर पकडलंत. एकाच जागी दोरा परत परत तुटायला लागला की बोलावतात. बहुतेक वेळा फणीची एखादी काडी वाकलेली किंवा खरखरीत झालेली असते. कापसाचा बोळा फणीवरून फिरवला की नेमका तिथं तंतू अडकतो. ती काडी सरळ करायची किंवा घासून गुळगुळीत करायची. नाहीच जमलं तर फणी बदलायची.

फणी_नंबर_४०
हेच लिहा! कापसाचा बोळा प्रत्येक मूल डोळ्यासमोर आणू शकतं. आणि फणी हा शब्द नवा ठरत नाही, केस विंचरायची फणी घरोघरी आहे.

मंगळवेढ्याचा_बाबू
एका टॉवेलला किती वेळ लागतो तेही टाका.

फणी_नंबर_४०
६० इंच म्हणजे साधारण १५० सेंटीमीटर, गुणिले १८ पिक, २७००. भागिले १२०, साडेबावीस मिनिटं, तेही माग एकदाही न थांबता. शाळेची तासिका ३५ मिनिटांची असेल तर एका तासिकेत दीड टॉवेल. परिचयात गर्दी होईल, पण प्रश्नोत्तरांत 'घंटा होईपर्यंत दीड टॉवेल' म्हणून सांगायला मस्त आहे.

धोटा नेणार असाल तर हातातच ठेवा, वर्गात फिरवू नका. दोन्ही टोकांना लोखंडी टोपण असतं, ते टोचतं. त्यातली कांडी काढून मुलांना द्या, तिच्यावरचा दोरा उलगडायला ती तयारच असतात.

साठेगल्ली
आवाजाचं पण सांगा. मागाच्या शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही म्हणतात.

खटकपट्टी
खरंय, कानात बोळे घालूनच काम करतो. ते माझ्या बोलण्यात घेतो. तिसरा मसुदा :

"आज आलेले काका अक्कलकोट रोडवर टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. तिथल्या मागात एक लाकडी होडी पळते. तिचं नाव धोटा. धोटा एका सेकंदात एकदा जातो आणि एकदा येतो. टाळ्या वाजवून बघा : टक टक, टक टक. धोटा तीनदा पळाला की टॉवेलवर बारीक कड्यांची एक ओळ उभी राहते. तुमच्या नखाएवढ्या जागेत अशा तीसपेक्षा जास्त कड्या असतात. कधी एक दोरा एकाच जागी सारखा तुटतो आणि टॉवेलला टक्कल पडतं. तेव्हा काकांना बोलावतात. मागाला मोठी फणी असते. काका तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवतात. बोळा अडकला, की चोर सापडला!"

पूर्व_भागातली_ताई
८० च्या आसपास शब्द आहेत, छान. टाळ्यांच्या ओळीनंतर कंसात 'इथे थांबा' असं बाईंसाठी लिहा, नाहीतर त्या तशाच पुढे वाचत जातील आणि धोटा तीनदा पळालेला कुणाला ऐकूच येणार नाही. 'चोर' मात्र मला खटकतो. काडी वाकली त्यात तिचा काय दोष?

हुरडा_आणि_चटणी
पोरांना चोर आवडतो.

फणी_नंबर_४०
मला चालेल. फक्त वाचन बाईंनी करायचं की मुलीनं, हे एकदा विचारा. मुलगी वाचणार असेल तर 'आज आलेले काका' च्या जागी 'माझे बाबा' येईल.

पूर्व_भागातली_ताई
नका. बापाचं कौतुक करताना पोरीचा आवाज कापतो आणि वर्ग हसतो. बाईच वाचू देत.

खटकपट्टी
तिला विचारलं. म्हणते टाळ्या मी वाजवणार, वाचायचं बाईंनी. चिंध्यांचे ५ सेंटीमीटरचे ४५ तुकडे कापून ठेवलेत, पाच जास्तीचे. काल घरी ओढून बघितलं तर दोन तुकड्यांत दोरा मध्येच तुटला. बाकीच्यांतून २२, २३ असा निघाला.

फणी_नंबर_४०
ते दोन तुकडे पन्ह्याच्या काठाजवळचे होते का बघा. काठाला टेरी नसते, तिथं विण दाट असते. मधल्या भागातले कापा.